रात्री दहानंतरचा स्पीकर आणि डागाळलेली गादी

अलिबागजवळच्या नागावात, आक्षीत, रेवदंड्यात नारळ-सुपारीच्या वाड्यांमधली कितीतरी घरं आता शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना दिली जातात. मीही असं एक घर सांभाळतो. आमच्यासारख्या मालकांना दोनच गोष्टींची धास्ती असते, रात्रीचा गोंगाट आणि मोडतोड. दोन्हींचा बंदोबस्त घराच्या नियमांत आणि पाहुण्यांना आदल्या दिवशी जाणाऱ्या मेसेजमध्ये करायचा असतो. पण हा मेसेज कसा लिहावा, त्यात काय लिहिलं की काय होतं, याबद्दल मालकांमध्ये काही समज इतके पक्के आहेत की, त्यांच्यापायी चांगले पाहुणे दुखावतात आणि वाईट पाहुण्यांचं काही बिघडत नाही.

गैरसमज: नियम जितके जास्त, तितकं घर सुरक्षित.

दाराच्या मागे लॅमिनेट केलेला तीस-पस्तीस कलमांचा कागद बऱ्याच घरांत दिसतो. त्यात 'चपला बाहेर काढाव्यात' आणि 'रात्री गोंगाट करू नये' या दोन ओळी एकाच मापाच्या अक्षरांत एकीखाली एक असतात. वाचणाऱ्याला कुठली गोष्ट महत्त्वाची हे कळायला काही मार्गच राहत नाही, म्हणून तो एकही गोष्ट लक्षात ठेवत नाही.

वस्तुस्थिती अशी की पाहुणा तीन वेळा तुमचं लिहिलेलं वाचतो आणि तिन्ही वेळा त्याचं मन वेगळ्या ठिकाणी असतं. पहिल्यांदा पैसे भरण्याआधी. दुसऱ्यांदा निघायच्या आदल्या संध्याकाळी, तेव्हा त्याला रस्ता आणि किल्ली एवढंच हवं असतं. तिसऱ्यांदा घरात शिरल्यावर, एखादी वस्तू हातात घेताना. नियमांची वाटणी या तीन वेळांनुसार केली की कागद आपोआप छोटा होतो.

ज्या नियमाला पैशाचा किंवा मुक्काम संपवण्याचा परिणाम जोडलेला आहे, तो पहिल्या वेळी, म्हणजे बुकिंगआधीच, कळवायला हवा. किती माणसं राहतील, बाहेरचे लोक रात्री थांबतील का, डिपॉझिट किती, रात्री दहाचा नियम मोडला तर काय होईल, या त्या गोष्टी. पैसे घेऊन झाल्यावर त्या पहिल्यांदा सांगितल्या तर पाहुणा म्हणतो, "हे आम्हाला आधी सांगितलं नव्हतं." आणि त्याचं खरं असतं, कारण व्यवहार ठरला तेव्हा ती अट व्यवहारात नव्हतीच. आदल्या दिवशीच्या मेसेजचं काम या अटींची आठवण करून देणं एवढंच आहे. नवी अट त्यात घालू नये.

बाकीचं सगळं त्या त्या वस्तूजवळ लावावं. गिझरचं बटण कुठलं ते गिझरच्या बटणापाशी. ओला टॉवेल गादीवर टाकू नका, हे न्हाणीघराच्या दाराला आतून, कारण टॉवेल हातात असतो तो त्याच क्षणी. झोपाळ्यावर एका वेळी तिघांपेक्षा जास्त बसू नका, हे झोपाळ्याच्या कडीशेजारच्या खांबावर. दारामागचा कागद काढून टाकला तरी चालतं.

गैरसमज: बंगला आपला, आवार आपलं, तिथे कायदा लागू होत नाही.

हे पाहुणेही म्हणतात आणि काही मालकही. केंद्र सरकारचे ध्वनी प्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम २००० सालचे आहेत आणि त्यात खासगी जागेचा स्पष्ट उल्लेख आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळेत ध्वनिवर्धक किंवा आवाज काढणारं कुठलंही वाद्य-उपकरण वापरायला मनाई आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या लोकांपुरता वापर मात्र चालतो. ओसरीतला किंवा पोहण्याच्या तलावाकाठचा ब्लूटूथ स्पीकर या सवलतीत बसत नाही, कारण ती जागा बंदिस्त नाही. वाढदिवसाला रात्री बारा वाजता फटाके लावायची हौस असते, तीही याच नियमांत अडते. रात्रीच्या वेळेत आवाजाचे फटाके चालत नाहीत.

दिवसाही पूर्ण मोकळीक नसते. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही पातळी ठरलेली आहे, आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आवाराच्या हद्दीवर या पातळीपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाऊ नये असं नियम म्हणतात. म्हणजे मोजायची जागा ओसरी नसून कुंपण आहे. आमच्याकडे बहुतेक वाड्यांना सिमेंटची भिंत नसते, दगडावर दगड रचलेला कमरेएवढा गडगा असतो. मेसेज लिहिताना मला या गडग्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. तो कसा, ते पुढे येईल.

या नियमांचा आधार मेसेजमध्ये एका वाक्यात द्यावा, त्याहून जास्त नको. 'रात्री १० नंतर बाहेर स्पीकर लावायला कायद्यानेच मनाई आहे' एवढं पुरतं. त्यामुळे हा मालकाचा हट्ट नाही, हे पाहुण्याला समजतं आणि त्याला आपल्याच गटातल्या हौशी मित्राला गप्प करायला एक कारण मिळतं. कलमं, दंड, पोलीस ठाण्याचा नंबर असं सगळं ओतलं की मात्र सुट्टीला निघालेल्या माणसाला आपण आरोपी असल्यासारखं वाटतं.

गैरसमज: त्रास फक्त डीजेचा असतो. गप्पांनी कोणाचं काय बिघडतं?

खरी तक्रार अनेकदा गप्पांची असते. शेजारी म्हणतात, "गाणं दहाला बंद झालं हो, पण हसणं-खिदळणं दोनपर्यंत." याचा हिशोब साधा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबल उतरतो. एक माणूस नेहमीच्या आवाजात बोलतो तेव्हा एक मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. १६ मीटरवर, म्हणजे चार वेळा अंतर दुप्पट झाल्यावर, तो ३६ वर येतो. त्याने कोणाची झोप मोडत नाही. पण रात्री साडेबाराला पत्त्यांचा डाव रंगलेला असताना चौघं एकदम आणि चढ्या आवाजात बोलतात. चढा आवाज एक मीटरवर ७० धरा, चौघांचे मिळून ७६. तोच १६ मीटरवर ५२ उरतो, आणि तेव्हा वाडीत समुद्राची गाज आणि रातकिडे सोडून दुसरं काही नसतं. शिवाय घराच्या भिंतींवर आणि फरशीवर आपटून येणारा आवाज या हिशोबात धरलेलाच नाही.

स्पीकरचं आणखी एक आहे. गाण्याचे शब्द झाडांत आणि भिंतींत बरेचसे विरतात, ठोका मात्र आरपार जातो. पाहुणा म्हणतो, "आम्ही आवाज कमीच ठेवलाय," आणि ते खोटं नसतं. त्याच्या कानाला शब्द कमी येतात. शेजारच्या खोलीतल्या माणसाला मात्र फक्त ढुम-ढुम ऐकू येत असतं. स्पीकर जमिनीवर, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला की हा ठोका आणखी वाढतो. म्हणून 'आवाज कमी ठेवा' असं लिहिण्यापेक्षा 'स्पीकर टेबलावर ठेवा, भिंतीला टेकवू नका, आणि बास बंद करा' असं लिहिलेलं जास्त कामाला येतं. हे दिवसासाठी. रात्री दहानंतर बाहेर स्पीकरच नाही.

मेसेजमध्ये डेसिबलचे आकडे मात्र घालू नयेत. पाहुण्याकडे मापक नसतो आणि मोबाइलमधलं ॲप फार तर अंदाज देतं. त्याऐवजी त्याला स्वतःला करून बघता येईल अशी खूण द्यावी. आमची खूण गडग्याची आहे. गडग्यापाशी उभं राहून गाण्याचे किंवा बोलण्याचे शब्द कळत असतील, तर आवाज जास्त आहे. केअरटेकर हेच करून बघतात आणि पाहुण्यालाही तेच सांगितलेलं असतं, त्यामुळे 'जास्त म्हणजे किती' या मुद्द्यावर रात्री वाद होत नाही.

गैरसमज: गोड लिहिलं की लोक नियम गंभीरपणे घेत नाहीत.

या समजापायी मेसेज दोन टोकांचे होतात. एक, 'सक्त ताकीद' छापाचे, सगळं ठळक अक्षरांत. दुसरे, 'कृपया शांतता राखून सहकार्य करावे' छापाचे, ज्यात आदर भरपूर आणि माहिती काहीच नाही. शांतता किती वाजल्यापासून? घरात की अंगणात? राखली नाही तर कोण काय करणार? या तीन प्रश्नांची उत्तरं ज्यात आहेत तो मेसेज स्पष्ट. त्याला रागावलेला सूर लागत नाही. उलट उत्तरं पक्की असली की सूर मोकळा ठेवता येतो.

आमचा मेसेज साधारण असा जातो:

"नमस्कार! उद्या तुम्ही सगळे येताय, घर तयार आहे. दुपारी १ नंतर केव्हाही या. मांडव्याला उतरलात की केअरटेकर दादांना फोन करा, ते किल्ली घेऊन फाटकापाशी थांबतील. नंबर आणि लोकेशन खाली आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. गडग्याच्या पलीकडे आमचे शेजारी राहतात, ते पहाटे पाचला वाडीला पाणी द्यायला उठतात. म्हणून रात्री १० नंतर बाहेरचा स्पीकर बंद (कायद्यानेही तशी मनाई आहे) आणि ११ नंतर मैफल घरात, खिडक्या लावून. दिवाणखाना मोठा आहे, पत्ते-कॅरम तिथेच ठेवलेत. गडग्यापाशी गाण्याचे किंवा बोलण्याचे शब्द कळले तर दादा एकदा फोन करतील. दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली तर, बुकिंगच्या वेळी कळवल्याप्रमाणे, मुक्काम दुसऱ्या सकाळी संपवावा लागेल आणि उरलेल्या दिवसांचं भाडं परत मिळणार नाही.

घरात काही फुटलं-सांडलं तर संकोच न करता लगेच सांगा. कप, ग्लास, ताटली यांचे पैसे आम्ही घेत नाही. मोठं काही झालं तर दुरुस्तीचं बिल तुम्हाला दाखवून तेवढीच रक्कम डिपॉझिटमधून घेतो. आणि आल्यावर एखादी वस्तू आधीच मोडलेली दिसली तर संध्याकाळी ६ पर्यंत फोटो पाठवा, म्हणजे ती तुमच्या नावावर राहणार नाही.

जेवण सांगायचं असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा, मासळी सकाळीच आणावी लागते."

यात नियमाआधी कारण आहे आणि ते कारण खऱ्या माणसांचं आहे. पाचला उठणारं कुटुंब डोळ्यांसमोर आलं की बहुतेक लोक स्वतःहून आवाज आवरतात. कारण अर्थातच खरं असावं. शेजारी कोणी राहतच नसेल तर तसं लिहू नये, कारण पाहुणा सकाळी फिरायला निघतो तेव्हा त्याला ते कळतं. दुसरं म्हणजे 'नाही' म्हणताना शेजारीच 'इथे करा' सांगितलं आहे. अकरानंतर गप्पा मारायला जागाच नसेल तर आठ जणांचा गट ओसरीतच बसणार. त्यासाठी दिवाणखान्यात पंखा चांगला चालला पाहिजे आणि दिवा डोळ्यांत येणारा नको. हा खर्च मी आवाज आवरण्याच्या खर्चातच धरतो.

परिणामाचं वाक्य साध्या शब्दांत, एकदाच आणि बुकिंगच्या अटीचा हवाला देऊन आलं आहे. मुक्काम संपवण्यासाठी 'दुसऱ्या सकाळी' असं मुद्दाम लिहिलंय. रात्री दीडला कुटुंबाला, त्यात कोणी प्यायलेलं असताना, गाडी काढायला लावणं धोक्याचं आहे, आणि जे आपण करणार नाही ते लिहूही नये. रात्रीच थांबवणं भाग पडलं, दमदाटी झाली, तर ११२ ला फोन करावा. केअरटेकरने एकट्याने आत शिरून स्पीकर हिसकावण्याच्या फंदात पडू नये.

मेसेज सहज केलेल्या बोलण्यासारखा वाटतो म्हणून त्याची धार कमी होत नाही, पण आदल्या दिवशी वाचलेलं रात्री आठवत नाही हेही खरं. त्यावर रात्री साडेनऊची एक ओळ उपयोगी पडते: "जेवण झालं का? दहाला बाहेरचा स्पीकर तेवढा बंद करा, आणि आत काही लागलं तर दादा अकरापर्यंत जागे आहेत." दहा वाजून पाच मिनिटांनी गेलेली हीच ओळ तक्रार वाटते.

गैरसमज: कॅमेरे लावले की नियम लिहायची गरज नाही.

घराच्या आत कॅमेरा लावू नये, दिवाणखान्यातही नाही. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घरातल्या कॅमेऱ्यांना जगभर बंदी घातली आहे. बाहेर फाटकावर असेल तर तो कुठे आहे ते बुकिंगआधी सांगावं लागतं. फाटकावरच्या कॅमेऱ्याने दहाऐवजी अठरा माणसं आली हे कळतं. गादीवर काय सांडलं ते त्यात दिसत नाही.

गैरसमज: मोडतोडीचा मोठा दंड लिहून ठेवला की तेवढे पैसे मिळतातच.

'डाग पडल्यास ५,००० रुपये', 'नियमभंग झाल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त' अशा ओळी लिहिताना मालकाला भक्कम वाटतं. भारतीय करार कायद्याचं, म्हणजे १८७२ च्या कायद्याचं, कलम ७४ वेगळं सांगतं. करार मोडल्यावर द्यायची रक्कम करारात लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा ठरते, आणि तिच्या आत वाजवी भरपाईच मिळते. कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की काहीच नुकसान झालं नसेल तर आधी घेतलेली रक्कम नुसती जप्त करता येत नाही. तो खटला भूखंडाचा होता, पण तत्त्व आपल्या डिपॉझिटलाही लागतं. लिहिलेला आकडा नुकसानीपेक्षा फुगवलेला असेल तर तो वसूल करणं अवघड, आणि समोरचा जाणकार असेल तर त्याला ते ठाऊक असतं.

एका गादीचा हिशोब मांडून बघू. १२,००० रुपयांची डबल बेडची गादी, साधारण आठ वर्षं टिकणारी, तीन वर्षं वापरलेली. पाहुण्यांनी खोलीत जेवताना सुरमईचं कालवण सांडलं आणि ते चादरीतून खाली उतरलं. पहिला प्रश्न, साफ होतं का? गाद्या-सोफे धुणारा माणूस ९०० रुपयांत ती स्वच्छ करून देत असेल आणि वास राहत नसेल, तर नुकसान ९०० रुपयांचंच. वास राहिला आणि गादी बदलावीच लागली, तरी नव्या गादीचे १२,००० मागता येत नाहीत, कारण तीन वर्षांचा वापर आपण करून घेतला आहे. उरलेल्या पाच वर्षांच्या हिशोबाने ७,५०० रुपये होतात. गादीवर धुता येणारं जलरोधक कव्हर घातलं असतं तर हा सगळा प्रसंग एका धुलाईत मिटला असता, म्हणून भाड्याच्या घरात अशी कव्हरं चादरीइतकीच आवश्यक आहेत.

झोपाळ्याच्या कडीचा निर्णय जास्त अवघड असतो. कडी तुटली ती पाच जण बसले म्हणून, की समुद्राच्या खाऱ्या हवेने आधीच गंजून बारीक झाली होती म्हणून? तुटलेला भाग हातात घेऊन बघावा. तुटीचा सगळा पृष्ठभाग ताजा आणि चकचकीत असेल तर जास्त भाराची शक्यता मोठी. अर्धाअधिक भाग तांबूस-काळा असेल तर तडा जुना होता, आणि ती देखभाल आपलीच होती. अशा कडीचे पैसे पाहुण्याकडून घेणं अन्यायाचं आहे. उलट कोणाला लागलं नाही ना, हे आधी विचारायला हवं. किनाऱ्यावर नळ, कुलूप, बिजागरी अशा धातूच्या वस्तूंबाबत हा प्रश्न नेहमीच येतो.

पैसे मागायचे तर आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो लागतात, एकाच कोनातून काढलेले. पाहुणे यायच्या दिवशी केअरटेकर घरभर फिरून छोटा व्हिडिओ काढतात: गाद्या, काचेची टेबलं, टीव्ही चालू करून, शेगडी पेटवून, झोपाळ्याच्या कड्या. निघतानाही तीच फेरी, शक्यतो पाहुण्यांच्या देखत. त्याच वेळी डाग दिसला तर बोलणं दोन मिनिटांत होतं. तीन दिवसांनी फोन केला तर पाहुण्याला वाटतं की मधल्या कोणाचं तरी बिल आपल्या माथी मारताहेत.

एअरबीएनबीवरून आलेल्या बुकिंगला डिपॉझिट वेगळं, हातात घेता येत नाही. अशा बुकिंगच्या मेसेजमधून डिपॉझिटचं वाक्य काढून 'रक्कम ॲपवरूनच मागू' असं लिहावं लागतं. ती मागणी पाहुणा निघाल्यापासून १४ दिवसांत तिथूनच करायची असते, फोटो आणि बिल किंवा दुरुस्तीचा अंदाज जोडून. थेट फोनवरून आलेल्या बुकिंगचं डिपॉझिट आम्ही त्याच संध्याकाळी परत करतो, आणि काही कापलं असेल तर सोबत बिलाचा फोटो आणि एक ओळ जाते: "गादी धुलाई ९००, बाकी ४,१०० परत पाठवले. तुम्ही लगेच सांगितलंत म्हणून डाग निघाला."